एजंटने दिलेला शब्द पॉलिसीत नसेल तर

‘पाच वर्षं भरा, दहाव्या वर्षी दुप्पट घ्या,’ असं सांगून एजंटने बचत विमा गळ्यात मारला; पॉलिसीत मात्र हप्ते दहा वर्षांचे निघाले. पॉलिसी हाती पडून ३० दिवस झाले नसतील तर ती सरळ परत करता येते. मुदत उलटली असेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. दोन आठवड्यांत समाधान झालं नाही, तर विमा नियामक ‘इर्डाई’च्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. नियामक स्वतः निवाडा देत नाही, कंपनीकडून उत्तर मागवतो. निवाड्यासाठी विमा लोकपाल आहे. तुमच्या सहीच्या लाभतक्त्यापुढे तोंडी शब्द टिकणं कठीण. म्हणून एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि त्याने हाताने आकडे मांडून दिलेला कागद तक्रारीला जोडाच.