पैसे दिले की मिळतात?

एखाद्या संस्थेच्या हिशेबनिसाला इंग्रजीत एवढाच निरोप आला, “शी’ज पेड”, तर त्याने काय समजायचं? “शी हॅज पेड” म्हणजे बाईंनी पैसे भरले. “शी इज पेड” म्हणजे बाईंना कामाचे पैसे मिळतात. पैसा नेमका उलट दिशेने वाहतो, आणि कागदावर मात्र दोन्हींसाठी एकच अपॉस्ट्रॉफी आणि एक ‘एस’!

इंग्रजीत हा ‘एस’ ‘इज’ आणि ‘हॅज’ दोघांचंही काम करतो. “आय’ड”मधला ‘डी’ही तसाच, कधी ‘हॅड’चा तर कधी ‘वुड’चा. एरवी पुढचा शब्द पाहिला की उलगडा होतो. “आय’ड गॉन” असेल तर ‘हॅड’, “आय’ड गो” असेल तर ‘वुड’. “ही’ज”नंतर ‘बीन’ आलं की ‘हॅज’, आणि ‘वर्किंग’सारखं रूप आलं की ‘इज’. पुढे ‘बेटर’ आलं तर ‘हॅड’ आणि ‘रादर’ आलं तर ‘वुड’, एवढं मात्र पाठच करावं लागतं.

खरी अडचण होते ती ‘पुट’, ‘कट’, ‘कम’, ‘रन’ अशा क्रियापदांनी. त्यांचं मूळ रूप आणि तिसरं रूप एकच, त्यामुळे पुढचा शब्द पाहूनही काही कळत नाही. “आय’ड पुट द मनी इन द बँक” हे वाक्य घ्या. ‘हॅड’ धरलं तर लिहिणारा सांगतोय की पैसे मी बँकेत ठेवले होते. ‘वुड’ धरलं तर तो नुसता सल्ला देतोय, की मी तुमच्या जागी असतो तर बँकेत ठेवले असते. पहिल्या अर्थात पैसे खरोखर जमा झालेत, दुसऱ्यात कदाचित अजून कुणाच्या तरी खिशात आहेत. “आय’ड रेड” आणि “आय’ड रीड” बोलताना वेगळे ऐकू येतात खरे, पण इंग्रजी स्पेलिंग दोन्हींचं एकच असल्याने कागदावर तोही आधार जातो.

नकारात्मक वाक्यात एक सोपी सोय आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. “शी’ज नॉट पेड” मोघम आहे: बाई विनावेतन काम करतात, की त्यांनी वर्गणी भरलेली नाही? पण संक्षेप ‘नॉट’चा केला की “शी इजन्ट पेड” आणि “शी हॅजन्ट पेड” आपोआप वेगळे होतात. सहायक क्रियापद शाबूत राहतं आणि लिहिण्याचा सूरही घरगुती राहतो. “आय’ड नॉट पुट”च्या जागी ‘वुडन्ट’ किंवा ‘हॅडन्ट’ लिहिलं तरी तेच साधतं.

होकारार्थी वाक्यात ही पळवाट नाही. तिथे पुढचं क्रियापद ‘पेड’ किंवा ‘पुट’च्या जातीचं असेल, आणि विषय पैशाचा, तारखेचा किंवा कबुलीचा असेल, तर ‘हॅज’, ‘इज’, ‘हॅड’, ‘वुड’ पूर्ण लिहा. मित्राला मेसेज करताना हवा तेवढा संक्षेप करा. पावतीच्या ईमेलमध्ये नको.