फांदीवर कावळे किती?

पानं झडलेली फांदी, तिच्यावर येऊन बसलेला कावळा आणि शरदातली संध्याकाळ. मात्सुओ बाशो या जपानी कवीने 1680 च्या सुमारास रचलेल्या एका हायकूचा ऐवज साधारण एवढाच. पण मराठीत हे सांगताना एक लबाडी होऊन गेली. बाशोने 'एक कावळा' असं कुठेच म्हटलेलं नाही. त्याच्या ओळीत 'कारासु' हा शब्द आहे. कारासु म्हणजे एकटा कावळाही आणि कावळ्यांचा थवाही.

क्रियापदावरून तरी कळेल म्हणावं, तर तेही नाही. मराठीत 'बसला' आणि 'बसले' यांतून संख्या लगेच फुटते. जपानी क्रियापद कर्ता एक असो की पन्नास, तसंच राहतं. जपानी वाचकाचं त्यावाचून काही अडत नाही. अडतं ते इंग्रजी अनुवादकाचं. 'अ क्रो' लिहायचं की 'क्रोज'? इंग्रजीत मोजता येणाऱ्या वस्तूचं नाव घेतलं की एक किंवा अनेक हे ठरवावंच लागतं. न ठरवता पुढे जायची सोय त्या व्याकरणात नाही. त्यात एकच म्हटला, तर तो 'अ' की 'द', कुठला तरी की ठरावीक, हा दुसरा प्रश्न दारात उभा.

बहुतेक इंग्रजी अनुवादांत एकच कावळा बसलेला दिसतो. ओकी फांदी, ओकी संध्याकाळ, त्यात एकटा काळा पक्षी: चित्र मनात चटकन भरतं. गंमत अशी की या हायकूवरून काढलेली जुनी चित्रं शिल्लक आहेत, आणि ती एकमेकांशी सहमत नाहीत. 1680 च्या दशकातल्या एका चित्रात फांद्यांवर सात कावळे आहेत आणि आभाळात आणखी वीस. एकूण सत्तावीस! पुढे बाशोचा शिष्य मोरिकावा क्योरिकु याच्या चित्रात मात्र एकच. मधल्या काळात बाशोने हायकूची शब्दरचना थोडी बदलली होती आणि 1689 च्या 'आरानो' या संग्रहात ती नव्या रूपात आली. पण 'कारासु' हा शब्द होता तसाच राहिला. तोच शब्द सत्तावीस कावळ्यांनाही पुरला आणि एकालाही.

म्हणजे या भाषांना मोजता येत नाही की काय? तसं मुळीच नाही. संख्या सांगायची असेल तेव्हा त्या अगदी चोख सांगतात, फक्त नामाचं रूप बदलून नव्हे. मराठीत 'पाणी' मोजायचं झालं की 'दोन तांबे पाणी', 'तीन घोट पाणी' असं मधे एक माप घालावं लागतं. चिनी आणि जपानीत जवळजवळ प्रत्येक नाम या पाण्यासारखं वागतं. अंक आणि नाम यांच्यामध्ये एक मोजशब्द येतो. जपानीत पक्ष्यांसाठी 'वा' आहे, आणि परंपरेने सशालाही पक्ष्यांच्याच 'वा'ने मोजतात! चिनीत पुस्तकांसाठी 'बन' आहे: 'सान बन शू' म्हणजे तीन पुस्तकं. यातलं 'शू' एका पुस्तकाला आणि शंभर पुस्तकांना तेच.

बहुवचनासारखे दिसणारे प्रत्ययही आहेत, पण ते फसवे. जपानीत 'तानाका-सान-ताची' म्हणजे अनेक तानाका नव्हेत. तानाका आणि त्यांच्याबरोबरची मंडळी. मराठीत 'तानाका वगैरे' म्हणावं तसं. चिनीतला 'मन' हा प्रत्यय मुख्यतः माणसांना लागतो, पण आधी आकडा आला की तो गळून पडतो. 'तीन विद्यार्थी' म्हणताना 'मन' लावला, तर चिनी शिक्षक लाल पेन उचलतात.

मग अनुवादक नेमकं करतो काय? 'झ्वोज शांग यौ शू' हे साधं चिनी वाक्य घ्या. शब्दशः: टेबलावर आहे पुस्तक. एक की चार, याचा पत्ता या वाक्यात नाही. अनुवादक लेखणी थांबवतो आणि पुढचं वाक्य वाचतो. तिथे 'ना बन शू' आलं, तर प्रश्न सुटला. दर्शक सर्वनामाला एकाचा मोजशब्द चिकटला आहे, म्हणजे 'ते एक पुस्तक'. 'ना शिए शू' आलं, तर 'ती पुस्तकं', कारण 'शिए' हा काही, अनेक यांसाठीचा शब्द. 'दोउ' हे क्रियाविशेषण दिसलं, तर बहुधा 'सगळी', म्हणजे पुन्हा अनेक. यातलं काहीच नसेल, तर प्रसंग पाहायचा: ग्रंथपालाचं टेबल आहे की एखाद्या मुलाच्या उशाजवळचं? तिथेही उत्तर नाही सापडलं, तर मूळ लेखकाला विचारणं हा उत्तम मार्ग. लेखक तीनशे वर्षांपूर्वी गेला असेल, तर अर्थातच पंचाईत.

कोरड्या कागदपत्रांत हा प्रश्न अधिक बोचरा असतो. 'अर्जासोबत कागदपत्र द्या' या सूचनेत एकवचन घातलं, तर अर्जदार एकच कागद जोडून मोकळा होतो. जपानी पेटंटचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्यांना एक दिलासा आहे: अमेरिकी पेटंटच्या दाव्यांत 'अ' या उपपदाचा अर्थ सर्वसाधारणपणे 'एक किंवा अधिक' असा लावला जातो. म्हणून यंत्रात स्क्रू एक की चार हे मुळात सांगितलेलं नसेल, तर तिथे 'अ स्क्रू' लिहून निभावून नेता येतं. नेहमीच्या इंग्रजीने दिली नाही ती सवलत इथे कायद्याने दिली.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजी शिकताना, घसरगुंडी आणखी मजेदार होते. जपानी विद्यार्थी आपल्या भाषेच्या सवयीने 'आय लाइक डॉग' म्हणून जातो. ऐकणारा इंग्रज दचकतो, कारण उपपद आणि बहुवचन दोन्ही काढून टाकलं की प्राण्याचं नाव ताटातलं मांस होतं. 'आय लाइक चिकन' जसं. कुत्रा ही जात आवडते, हे सांगायला तिथे 'डॉग्ज' असं बहुवचन लागतं.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. 'कावळा'चं 'कावळे' होतं, पण 'बेडूक'चं अनेकवचनही 'बेडूक'च. दगड, हात, बैल, पक्षी यांचंही तेच. आकारान्त नसलेली पुल्लिंगी नामं मराठीत कर्त्याच्या जागी एकात आणि अनेकात सारखीच राहतात. संख्या फोडतं ते शेजारचं क्रियापद. 'बेडूक उडाला', 'बेडूक उडाले'. 'बेडूक पाण्यात उडी घेताना' एवढ्यावर थांबलं, तर मराठीतही तो एक की दहा हे झाकलेलं राहतं.

आणि बाशोची सर्वांत प्रसिद्ध हायकू नेमकी बेडकाचीच आहे. जुनं तळं, पाण्यात उडी, पाण्याचा आवाज. 1686 च्या वसंतात ती पुढे आली आणि तिचे इंग्रजी अनुवाद इतके झाले की हिरोआकी सातो यांनी ते जमवून 'वन हंड्रेड फ्रॉग्ज' नावाचं पुस्तकच काढलं. बहुतेकांच्या तळ्यात एकच बेडूक उडी मारतो. 1898 मध्ये लाफकाडिओ हर्न यांनी मात्र 'फ्रॉग्ज' लिहिलं, आणि त्यांच्या तळ्यात एका 'डुबुक'च्या जागी बरेच आवाज झाले. जपानी व्याकरणाला दोन्ही तळी मान्य आहेत. हीच हायकू मराठीत आणणाऱ्याला मात्र आधी ठरवावं लागेल, की क्रियापद वापरायचं की टाळायचं.