नियंत्रण खाते आणि चुकीचा माग : विक्री खातेवहीचे एक उदाहरण

तेरीज पत्रक जुळले नाही म्हणजे विद्यार्थी फरकाची रक्कम पाहतो, तिची निम्मी करून पाहतो, नऊने भाग जातो का हेही तपासतो आणि मग सर्व पुस्तके पहिल्या पानापासून चाळू लागतो. शेकडो ग्राहक व पुरवठादार असलेल्या व्यापाऱ्याच्या वह्यांत हे काम कित्येक दिवस चालते. स्वयंसंतुलित खातेवह्यांची पद्धत शोधाचे हे क्षेत्र लहान करते. ती हे कसे साधते आणि तिची मर्यादा कोठे येते, एवढ्यापुरतेच हे विवेचन आहे.

पद्धतीची मांडणी

या पद्धतीत खातेवहीचे तीन भाग केले जातात. उधारीने माल घेणाऱ्या ग्राहकांची खाती विक्री खातेवहीत, पुरवठादारांची खाती खरेदी खातेवहीत आणि उरलेली सर्व खाती सर्वसाधारण खातेवहीत असतात. सर्वसाधारण खातेवहीत ग्राहकांच्या शेकडो खात्यांऐवजी एकच नियंत्रण खाते ठेवतात. महिनाभरात ग्राहकांच्या खात्यांवर ज्या रकमा सुट्या सुट्या चढल्या, त्यांची बेरीज या खात्यावर एकदाच चढते.

विक्री खातेवहीतही शेवटी एक समायोजन खाते उघडले, तर ती वही स्वतःपुरती जुळते. म्हणून तिला स्वयंसंतुलित म्हणावयाचे. हे समायोजन खाते नियंत्रण खात्याचे आरशातील प्रतिबिंब होय : तेथे जी रक्कम नावे, ती येथे जमा. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा याच जागी होतो. चुकीचा शोध घेण्यापुरते पाहिल्यास सर्वसाधारण खातेवहीतील नियंत्रण खाते पुरेसे असते.

येथे मुख्य बाब अशी की दोन्ही रकमा वेगवेगळ्या वाटांनी येतात. ग्राहकांच्या खात्यांवर रकमा एकेका नोंदीवरून खतावल्या जातात, तर नियंत्रण खात्यावर मूळ पुस्तकांच्या बेरजा येतात. वाटा स्वतंत्र असल्यामुळेच दोन्हींची तुलना काही सांगू शकते. म्हणून नियंत्रण खाते लिहिणारी व्यक्ती विक्री खातेवही लिहिणाऱ्या व्यक्तीहून वेगळी असावी.

उदाहरण

एका कापडाच्या घाऊक व्यापाऱ्याचे एका महिन्याचे आकडे घेऊ. नियंत्रण खात्याच्या नावे बाजूस आरंभीची शिल्लक ८४,६०० रुपये, उधार विक्री १,४२,३५० आणि न वटलेली हुंडी ३,०००, असे एकूण २,२९,९५० रुपये आहेत. जमा बाजूस रोख व धनादेशाने वसुली १,१८,२००, दिलेली रोख सूट १,९५०, परत आलेला माल ४,३००, बुडीत कर्जे १,५०० आणि खरेदी खातेवहीकडे वळती केलेली रक्कम २,७००, असे एकूण १,२८,६५० रुपये आहेत. अखेरची शिल्लक १,०१,३०० रुपये येते.

(वळती रक्कम म्हणजे जो ग्राहक आपला पुरवठादारही आहे, त्याच्या दोन खात्यांतील परस्पर वजावट. रोख विक्री व संशयित कर्जांची तरतूद या खात्यात येत नाही. विद्यार्थी या दोन रकमा हटकून घालतात.)

ग्राहकांच्या शिलकांच्या यादीची बेरीज मात्र १,००,८४० रुपये आली. फरक ४६० रुपये. खरेदी खातेवहीची यादी तिच्या नियंत्रण खात्याशी जुळली आहे. तेव्हा शोध विक्रीच्या बाजूपुरताच राहिला.

पहिली पायरी सर्वांत स्वस्त : यादी खात्यांशी ताडून पाहणे. एका ग्राहकाची शिल्लक १,६२० रुपये असता यादीत १,२६० लिहिली गेली होती. ही ३६० रुपयांची दुरुस्ती केल्यावर यादी १,०१,२०० झाली आणि फरक १०० रुपयांवर आला. इतका अल्प फरक सोडून द्यावा, असा मोह येथे होतो.

दुसरी पायरी म्हणजे मूळ पुस्तकांवरून झालेली खतावणी तपासणे. ४५० रुपयांचा परत आलेला माल एका ग्राहकाच्या खात्यावर जमा करण्याऐवजी नावे लिहिला गेल्याचे आढळले. त्यामुळे त्याची शिल्लक दुपटीने, म्हणजे ९०० रुपयांनी जास्त दिसत होती. दुरुस्तीनंतर यादी १,००,३०० झाली. खरी चूक सापडूनही फरक मात्र १०० वरून १,००० वर गेला! यावरून असे दिसते की फरकाचा आकडा म्हणजे चुकीचा आकडा नव्हे. तो अनेक चुकांची परस्पर वजावट होऊन उरलेला शेष असतो.

तिसरी पायरी मूळ पुस्तकांच्या बेरजा पुन्हा करण्याची. विक्री पुस्तकाच्या एका पानाची बेरीज ६८,७४० असता पुढील पानावर ६९,७४० नेली गेली होती. खरी उधार विक्री १,४१,३५० रुपये. नियंत्रण खात्याची शिल्लकही १,००,३०० झाली आणि दोन्ही जुळले.

दुरुस्ती कोठे करावयाची

यादीतील चूक यादीतच सुधारावी. चुकीच्या बाजूची खतावणी त्या ग्राहकाच्या खात्यावर ९०० रुपये जमा करून सुधारते. सर्वसाधारण खातेवहीत तिची नोंद लागत नाही. बेरजेच्या चुकीसाठी मात्र विक्री खाते १,००० रुपयांनी नावे व नियंत्रण खाते तेवढ्यानेच जमा करावे लागते.

ही तिसरी चूक विशेष विचार करण्यासारखी आहे. चुकलेली बेरीज विक्री खाते व नियंत्रण खाते या दोन्हींवर सारखीच गेल्याने सर्वसाधारण खातेवहीचे तेरीज पत्रक जुळलेलेच होते, आणि विक्री व नफा १,००० रुपयांनी फुगलेले होते. यादीशी तुलना झाली नसती तर ही चूक उघडकीस आली नसती. म्हणून नियंत्रण खात्यात फरकाची रक्कम घालून ते जुळवून टाकणे म्हणजे एकमेव साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय.

मर्यादा

काही चुका दोन्ही वाटांवर सारख्याच पडतात आणि जुळणी त्या दाखवीत नाही. एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच ग्राहकाच्या खात्यावर गेली, बीजक पुस्तकात चढलेच नाही किंवा मुळातच चुकीच्या रकमेने चढले, तर दोन्ही आकडे जुळतच राहतात. रोखपालाने एका ग्राहकाचे पैसे स्वतःकडे ठेवून नंतर दुसऱ्याच्या पैशांतून त्याची भरपाई दाखविली, तरी नियंत्रण खाते त्याविषयी काही बोलत नाही. अशा वेळी ग्राहकाला खातेउतारा पाठवून त्याची खात्री मागविणे हाच उपाय उरतो.

संगणकीय हिशेबाबाबतही हाच मुद्दा लागू पडतो. टॅलीसारख्या प्रणालीत ‘संड्री डेटर्स’ गटाची रक्कम ग्राहकांच्या खात्यांचीच बेरीज असते. ती यादीशी नेहमीच जुळते, कारण दुसरी वाटच उरलेली नाही. तेथे ‘जुळले’ या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. ताळा घ्यावयाचा तर तो बीजकांच्या स्वतंत्र बेरजेशी, बँकेच्या उताऱ्याशी किंवा ग्राहकाच्या उत्तराशी घ्यावा लागतो.

वर्गात हे प्रकरण शिकविताना तयार खात्याऐवजी वरीलप्रमाणे न जुळणारी यादी विद्यार्थ्यांसमोर ठेवावी आणि प्रत्येक चुकीबाबत एकच प्रश्न विचारावा : ही चूक बेरजेच्या वाटेवर आहे, एकेका नोंदीच्या वाटेवर आहे, की दोन्हींवर? पहिल्या प्रकारात नियंत्रण खाते बदलते, दुसऱ्यात यादी बदलते आणि तिसऱ्यात दोन्ही चुकीची असूनही जुळतात.