बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

आमच्या शेजारी एक टेम्पोवाले राहतात. रेडिएटरमध्ये ते वर्षानुवर्षे नळाचेच पाणी भरत. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असे ते म्हणत. गेल्या उन्हाळ्यात घाटात गाडी उकळली. मिस्त्रीने रेडिएटर खोलला तर आतून विटकरी गाळ निघाला आणि नळ्यांवर चुन्याचा थर बसलेला. दुरुस्तीत तीन दिवसांचा धंदा बुडाला.

कूलंटला इंग्रजीत अँटिफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारे, असे नाव पडले आणि तिथेच गैरसमज झाला. त्यात मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल नावाचे दाट, गोडसर द्रव्य असते. ते पाण्यात निम्मे मिसळले की मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याला त्याचा उपयोग नाही. पण तेच मिश्रण १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते, त्यामुळे ही मर्यादा १२५ च्याही पुढे जाते. झाकणाचे रबर गेले असेल तर मात्र महागडे कूलंटही उकळणार.

गंज रोखण्याचे काम ग्लायकॉलचे नव्हे. उलट जुने झाले की ते आंबट होते आणि धातू खाऊ लागते. राखण करतात ती त्यात घातलेली थोडीशी रसायने. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधील सिलिकेट धातूवर पातळ थर धरते, पण साधारण दोन वर्षांत संपते. नव्या पद्धतीतील सेंद्रिय आम्ले गंज धरू लागेल तिथेच काम करतात आणि पाच वर्षांपर्यंत टिकतात.

आता रंगाचे. हिरवा म्हणजे जुनी पद्धत, नारिंगी किंवा लाल म्हणजे नवी, असे गॅरेजवाले सांगतात. पूर्वी ते बरेचसे खरे होते. पण रंग हा नुसता रंग आहे, त्याला कायदा नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने रंग घालते. दोन जाती मिसळल्या तर गंजरोधक लवकर संपते, कधी चिकट गाळही होतो. म्हणून रंग न बघता गाडीच्या पुस्तकात लिहिलेली जात डब्यावर आहे का, ते वाचावे. रंग गढूळ किंवा विटकरी झाला असेल तर मात्र तो खरे बोलतो. बदलायची वेळ झाली.

शेजाऱ्यांचा हिशेब असा बसला. गाडीत एकूण सहा लिटर मावते. साफ पाण्याने धुऊन रिकामे केले तरी इंजिनात दीड लिटर पाणी उरलेच. म्हणून आधी तीन लिटर घट्ट कूलंट, मग दीड लिटर डिस्टिल्ड वॉटर. निम्मे-निम्मे जमले. डब्यावर 'तयार मिश्रण' लिहिले असेल तर पाणी घालू नये. नुसते घट्ट कूलंटही भरू नये, ते पाण्याएवढी उष्णता वाहून नेत नाही.

गरम इंजिनाचे झाकण उघडू नका. आणि माताभगिनींनो, उरलेले कूलंट सरबताच्या बाटलीत ठेवू देऊ नका. चवीला गोड असले तरी ते विष आहे. थोडेसे पोटात गेले तरी मुलाची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कोणी प्यायले तर वाट न बघता बाटलीसकट दवाखाना गाठावा.