विमान रद्द झालं, साहेबांना काय लिहाल?

हिवाळ्यात काश्मीरला गेलेल्या मराठी कुटुंबांवर ही वेळ हमखास येते. रविवारी दुपारी श्रीनगरहून विमान, सोमवारी सकाळी पुण्यात ऑफिस, असा बेत असतो. बर्फ पडू लागतो, धावपट्टीवरची दृश्यमानता घसरते आणि विमान रद्द होतं. माणूस घाईघाईत साहेबांना कळवतो, ‘फ्लाइट कॅन्सल झाली, उद्या येतो.’

यातलं ‘उद्या’ धोक्याचं. रद्द झालेल्या विमानातल्या प्रवाशांना पुढच्या विमानांतल्या रिकाम्या जागांवर बसवतात आणि हंगामात अशा जागा मोजक्याच असतात. दोन दिवसांनंतरचं तिकीट मिळणं अगदी नेहमीचं आहे. जम्मूपर्यंत गाडीने जावं म्हटलं, तर त्याच बर्फामुळे महामार्गही अनेकदा बंद असतो. म्हणून विमान रद्द झाल्याचं लगेच कळवा, पण परतीची तारीख नवं तिकीट हातात आल्यावरच लिहा. विमान कंपनीने दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, असा पर्याय द्यायचा असतो. पैसे परत घेतले, तर पुढचं तिकीट शोधणं आपल्याच गळ्यात पडतं, आणि तेव्हा तारीख सांगणं आणखी अवघड होतं.

तिकीट मिळाल्यावर मेसेज असा लिहिता येईल :

‘सर, बर्फामुळे श्रीनगरहून आजचं आमचं विमान रद्द झालं. मंगळवारी दुपारचं तिकीट कन्फर्म मिळालंय. रात्री पुण्यात पोचेन, बुधवारी सकाळी कामावर हजर होईन. सोमवार आणि मंगळवारची रजा मंजूर करावी, ही विनंती. उद्या द्यायचं कोटेशन तयार आहे, फक्त वाहतुकीचे दर तपासायचे राहिलेत. स्नेहाशी बोललोय, ती सकाळी तपासून पाठवेल. माझं सिम इथे चालत नाही. हॉटेलच्या वायफायवर सकाळी 10 आणि संध्याकाळी 5 वाजता व्हॉट्सॲप बघेन. विमान रद्द झाल्याचा ई-मेल सोबत जोडलाय.’

सिमबद्दलचं वाक्य फालतू वाटेल, पण बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. हे ठाऊक नसलेल्या साहेबांना वाटतं, माणूस मुद्दाम फोन बंद ठेवून बसलाय. कोटेशनचं वाक्य तर सगळ्यांत मोलाचं. सोमवारी सकाळी त्यांच्यापुढे खरा प्रश्न असतो तो गिऱ्हाइकाला काय पाठवायचं हा. अर्धवट राहिलेलं काम नेमकं कुठे अडलंय, हे कळलं की ते दुसऱ्याकडे सोपवता येतं. ‘बाकी सगळं झालंय’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही.

विमानतळावर किती तास बसलो, मुलं कशी रडली, काउंटरवर कसा गोंधळ होता, हे मेसेजमध्ये नको. ते खरं असतं, पण त्यात बुधवारची तारीख हरवते.

आणि मंगळवारी विमानात बसल्यावर ‘निघालो’ एवढं जरूर कळवा. श्रीनगरचं हवामान पुन्हा बिघडू शकतं, हे साहेबांनाही ठाऊक असतं.