चित्रफीत-संपादनातील मराठी शीर्षके : वेलांटी व जोडाक्षरे यांच्या शुद्ध दर्शनाचा विचार

प्रस्तावना : महाविद्यालयीन उपक्रमांच्या चित्रफितींना मराठी शीर्षक देताना अक्षरे विस्कटल्याचा अनुभव अनेक प्राध्यापकांना येतो. प्रस्तुत लेखात 'सिंदी मेघे, जि. वर्धा' या शीर्षकाच्या आधारे त्याचे कारण व उपाय मांडले आहेत.

दोषाचे स्वरूप : युनिकोडमध्ये मजकूर उच्चारक्रमाने साठविला जातो. 'सिंदी' या शब्दात प्रथम 'स', नंतर ऱ्हस्व वेलांटी, मग अनुस्वार, असा तो क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी 'स'च्या आधी यावी लागते. 'वर्धा'मध्ये 'र', हलन्त चिन्ह व 'ध' अशी साठवण असून 'र'चा रफार होऊन तो पुढील अक्षरावर जातो. ही पुनर्रचना फॉन्टमधील नियम वाचून आज्ञावलीतील अक्षररचना-यंत्रणा करते. ती निष्क्रिय असल्यास वेलांटी 'स'नंतर उमटून 'द'कडे झुकते आणि 'वर्धा'त पाय मोडलेला 'र' सुटा दिसतो.

निदान : तोच मजकूर नोटपॅडमध्ये ठेवून पाहावा. तेथे तो शुद्ध व संपादकात अशुद्ध दिसल्यास दोष टंकलेखनाचा नसून यंत्रणेचा होय. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसल्यास निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, असे समजावे.

उपाय : अॅडोबी प्रीमिअर प्रोमध्ये (विंडोजवर) पुढील मार्गाने जावे :

```
Edit > Preferences > Graphics
Text Engine: South Asian and Middle Eastern
```

त्यानंतर आज्ञावली बंद करून पुन्हा उघडावी, नोटो सान्स देवनागरी किंवा निर्मला यूआय हा फॉन्ट निवडावा आणि शीर्षक नव्या मजकूर-स्तरावर पुन्हा लिहावे. पडताळणीसाठी 'सिंदी', 'वर्धा' व 'दुसऱ्या' हे तीन शब्द पुरेसे आहेत. त्यांत अनुक्रमे वेलांटी, रफार व मराठीचा अर्धचंद्राकृती 'र' तपासला जातो. अक्षरांतर शून्य ठेवावे, अन्यथा शिरोरेषा तुटते.

एक घातक पळवाट : काही जण वेलांटी 'स'च्या आधी टंकित करून शब्द डोळ्यांना शुद्ध भासवितात. परंतु त्यामुळे साठविलेला शब्दच अशुद्ध होतो. यंत्रणा दुरुस्त होताच, किंवा तो मजकूर अन्य संगणकावर उघडताच, वेलांटीखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसू लागते आणि शोध घेतल्यास 'सिंदी' सापडत नाही. शिवाय 'वर्धा'स ही युक्ती लागूच पडत नाही. कारण रफाराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक नाही.

मर्यादा व निष्कर्ष : ज्या संपादकात अशी यंत्रणाच नाही, तेथे इंकस्केपमध्ये शीर्षक तयार करून ते पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्ररूपात चित्रफितीवर ठेवावे. ते शुद्ध दिसते. मात्र संपादकात त्यातील शब्द बदलता येत नाहीत, म्हणून मूळ युनिकोड मजकूर स्वतंत्रपणे जतन करावा. सारांश, शब्द अशुद्ध दिसल्यास शुद्धलेखन बदलू नये, यंत्रणा बदलावी.