सेटिंग मोजावी की सेटिंगचे तास? परिव्यय चालकांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रियाधारित परिव्यय पद्धतीत, म्हणजेच अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगमध्ये, कारखान्याचा अप्रत्यक्ष खर्च थेट उत्पादनांवर वाटला जात नाही. तो आधी यंत्राची सेटिंग, मालाची हाताळणी, खरेदी, तपासणी अशा क्रियांच्या नावे जमा होतो आणि मग ज्या उत्पादनाने जी क्रिया जितकी वापरली, तितका त्या उत्पादनाच्या पदरात पडतो. हा वापर ज्या मापाने मोजतात त्याला परिव्यय चालक म्हणतात. 1980च्या दशकात ही पद्धती ज्यांच्या लेखनामुळे रूढ झाली, त्या रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी चालकांचे तीन प्रकार मानले. क्रिया किती वेळा घडली एवढेच मोजणारा तो व्यवहार चालक. ती किती वेळ चालली हे मोजणारा तो कालावधी चालक. आणि प्रत्येक वेळी प्रत्यक्षात कोणती साधने, कोणत्या दर्जाची माणसे लागली याची स्वतंत्र नोंद करणारा तो तीव्रता चालक. या क्रमाने माप अधिक नेमके होत जाते आणि मोजण्याचा खर्चही वाढत जातो. त्यामुळे पहिल्या प्रकाराकडे कल असणे स्वाभाविक आहे, पण त्याच्या निवडीमागे जी गृहीतके असतात ती बहुधा तपासली जात नाहीत.

त्यांतील सर्वांत पक्के गृहीतक असे, की नगांच्या संख्येवर किंवा मजुरीच्या तासांवर खर्च वाटण्याची जुनी रीत सोडून सेटिंगच्या संख्येवर तो वाटला, की चूक दूर झाली. हे कितपत खरे आहे ते पाहण्यासाठी पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारा एक प्रेस शॉप कल्पावा. तेथे सेटिंग म्हणजे जुना डाय उतरवणे, क्रेनने नवा डाय बोल्स्टरवर आणून बसवणे, क्लॅम्प आवळणे, शट हाइट जुळवणे, कॉइलचा फीड लावणे आणि पहिला नग गेजवर तपासून पास करून घेणे. सेटर, क्रेन आणि पहिल्या नगाची तपासणी मिळून या क्रियेचा महिन्याचा खर्च 3,60,000 रुपये धरू. ‘क’ हा साधा ब्रॅकेट असून त्याचा एकच हलका डाय आहे. त्याच्या महिन्यात 90 सेटिंग होतात, प्रत्येकीला 40 मिनिटे लागतात आणि प्रत्येक सेटिंगमागे 1,000 नग निघतात. ‘ख’ हा भाग जड प्रोग्रेसिव्ह डायवर होतो. त्याच्या 30 सेटिंग, प्रत्येकी 4 तासांच्या, आणि प्रत्येकीमागे फक्त 200 नग. म्हणजे एकूण सेटिंग 120 आणि एकूण तास 180, त्यांपैकी ‘क’चे 60 आणि ‘ख’चे 120.

खर्च निव्वळ नगांवर वाटला तर 96,000 नगांमागे प्रत्येकी 3.75 रुपये येतात, मग भाग कोणताही असो. सेटिंगच्या संख्येवर वाटला तर दर सेटिंगला 3,000 रुपये पडतात. ‘क’च्या एका नगाला 3 रुपये आणि ‘ख’च्या नगाला 15 रुपये. आकडे योग्य दिशेने सरकले, ‘ख’ महाग आहे हे उघड झाले, आणि बहुतेक ठिकाणी अभ्यास इथेच थांबतो. तासांवर वाटले तर मात्र दर तासाला 2,000 रुपये येतात, ‘क’चा नग 1.33 रुपयांवर उतरतो आणि ‘ख’चा 40 रुपयांवर चढतो. व्यवहार चालकाने जुन्या पद्धतीतील चूक पकडली खरी, पण ‘ख’च्या बाबतीत निम्म्याहून अधिक वाट तशीच राहिली. चूक अर्धवट सुधारल्याचा धोका न सुधारल्यापेक्षा अधिक म्हणावा लागेल, कारण 3.75 या सरसकट आकड्यावर कोणाचाच फारसा विश्वास नसतो, 15 या आकड्यावर मात्र बसतो.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की शेवटी बेरीज तीच राहते, त्यामुळे फरक आपोआप जुळून जातो. बेरीज तीच राहते हे खरे; दोन्ही रीतींनी 3,60,000 रुपयेच वाटले जातात. नेमक्या त्याच कारणाने हिशेबाच्या वह्या किंवा लेखापरीक्षण ही चूक दाखवू शकत नाही. ती दिसते ती बाजारात. ज्या साध्या भागावर 3 रुपये चढवून कोटेशन दिले, त्याच्या निविदा हातच्या जाऊ लागतात, आणि ज्या अवघड भागाचे खरे 40 रुपये असताना 15 धरले, त्याच्या छोट्या ऑर्डरी मात्र न मागता येतात. विक्री विभाग ही आपल्या कौशल्याची पावती समजतो आणि वर्षाअखेरी उलाढाल वाढूनही नफा का घटला याचा शोध भलतीकडेच घेतला जातो.

दुसरा गैरसमज जरा सूक्ष्म आहे आणि तो जाणकारांतही आढळतो: प्रत्येक सेटिंगला लागणारा वेळ कमीजास्त होत असेल तर व्यवहार चालक चालणारच नाही. वस्तुस्थिती तशी नाही. समजा ‘क’ आणि ‘ख’ या दोहोंच्याही सेटिंगपैकी तीन चतुर्थांश लहान आणि एक चतुर्थांश लांबलेल्या असतील, तर वेळेत कितीही चढउतार असले तरी दोघांची सरासरी एकच राहते आणि संख्येवर वाटा किंवा तासांवर वाटा, उत्तर तेच येते. एकाच उत्पादनाच्या आतला चढउतार निरुपद्रवी असतो. घात होतो तो उत्पादनाउत्पादनाच्या सरासरीत फरक असल्यावर. त्यातही चुकीचे प्रमाण नेमके सांगता येते: सर्व सेटिंगच्या एकत्रित सरासरी वेळेला त्या उत्पादनाच्या स्वतःच्या सरासरी वेळेने भागले, की व्यवहार चालक त्याच्यावर खऱ्याच्या किती पट खर्च टाकतो ते मिळते. वरच्या उदाहरणात एकत्रित सरासरी 90 मिनिटे आहे. ‘क’च्या बाबतीत 90 भागिले 40, म्हणजे 2.25 पट भार पडतो. ‘ख’च्या बाबतीत 90 भागिले 240, म्हणजे खऱ्या खर्चाचा जेमतेम 0.375 भाग. याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे, कारण हे पडताळण्यासाठी कायमची वेळनोंद ठेवावी लागत नाही. दोन-तीन आठवडे घड्याळ लावून प्रत्येक उत्पादनगटाची सरासरी घेतली तरी साधा चालक पुरेसा आहे की नाही हे कळते. खरेदी आदेश, पुरवठादाराच्या बिलांची नोंद, आवक मालाच्या पावत्या अशा क्रियांत ही गुणोत्तरे पुष्कळदा 1च्या आसपास येतात, आणि तेथे तास मोजत बसणे हा निव्वळ उपद्व्याप ठरतो. एका व्यवस्थेत दोन्ही प्रकार नांदू शकतात. जॉन डिअर कंपनीच्या कॉम्पोनंट वर्क्सचा हार्वर्ड बिझनेस स्कूलने 1987 मध्ये नोंदवलेला आणि पुढे वर्गावर्गांतून शिकवला गेलेला दाखला तसाच आहे. तेथे सेटिंगसाठी तास धरले होते, तर उत्पादन आदेश काढण्याच्या कामासाठी आदेशांची संख्या.

तास मोजणे परवडत नाही म्हणून संख्याच घ्यावी लागते, हाही असाच एक समज. दोहोंच्या मध्ये एक मार्ग आहे: सेटिंगचे दोन-तीन वर्ग पाडून त्यांना भार द्यावा आणि भारित संख्या मोजावी. हलक्या डायचा भार 1 आणि 4 तासांच्या, म्हणजे सहापट वेळ घेणाऱ्या, डायचा भार 6 धरला तर भारित एकके 90 अधिक 180, म्हणजे 270 होतात. त्यांपैकी 90 ‘क’ची असल्याने त्याच्या वाट्याला एक तृतीयांश, 1,20,000 रुपये येतात आणि ‘ख’च्या वाट्याला 2,40,000. तासांवरच्या हिशेबाशी हे तंतोतंत जुळते आणि त्यासाठी शॉप फ्लोअरवर कोणता डाय चढला याखेरीज वेगळे काही नोंदवावे लागत नाही. कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी 2004 मध्ये मांडलेल्या कालाधारित पद्धतीतील वेळेची समीकरणे हा याच विचाराचा विस्तार आहे. मूळ कामाला अमुक मिनिटे, डाय जड असल्यास त्यात अमुक मिनिटांची भर, ग्राहकाला पहिल्या नगाचा अहवाल हवा असल्यास आणखी अमुक. भार मात्र दरवर्षी पडताळावे लागतात, कारण डाय तोच राहतो पण तो चढवण्याची रीत बदलते.

रीत बदलण्याचा मुद्दा थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे. शिगेओ शिंगो यांनी जपानमध्ये विकसित केलेल्या जलद डाय-बदलाच्या तंत्राचा सगळा रोख सेटिंगचा वेळ मिनिटांवर आणण्याकडे आहे, सेटिंगची संख्या घटवण्याकडे नाही. ‘ख’ची सेटिंग 4 तासांवरून 2 तासांवर आणली तर व्यवहार चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, संख्या 30च राहते आणि ‘ख’च्या नावे 90,000च पडतात. उलट त्या चालकावर जोखला जाणारा अधिकारी खर्च कमी दाखवण्याचा जो एकमेव मार्ग उरतो तो धरतो, म्हणजे मोठे लॉट काढून सेटिंगची संख्या घटवतो, आणि गोदाम भरते.

म्हणून कालावधी चालक घेतला की झाले, असे मात्र नाही. वरील सुधारणेनंतर एकूण तास 120 होतात. महिन्याचा खर्च तोच ठेवून त्याला 120ने भागले तर दर तासाला 3,000 रुपये होतो आणि ज्या ‘क’मध्ये काहीच बदल झाला नाही त्याच्या नावे 1,20,000ऐवजी 1,80,000 रुपये पडतात. एकाने वेळ वाचवायचा आणि दुसऱ्याने दंड भरायचा, असा हा प्रकार. दोष मापाचा नसून भाजकाचा आहे: दर हा प्रत्यक्ष वापरलेल्या तासांवर नव्हे, तर उपलब्ध व्यवहार्य क्षमतेवर काढावा लागतो. ती क्षमता 180 तास धरली तर दर 2,000वरच राहतो, दोन्ही भागांच्या नावे प्रत्येकी 1,20,000 पडतात आणि उरलेले 1,20,000 न वापरलेल्या क्षमतेचा खर्च म्हणून वेगळे दिसतात. ते वाचवायचे की नवे काम घेऊन भरून काढायचे, हा प्रश्न मग व्यवस्थापनापुढे उघड येतो.

कालावधी चालकालाही जिथे हात टेकावे लागतात अशा दोन जागा आहेत. पहिली सर्वपरिचित आहे: एका तासात एक सेटर राबतो की सेटर, टूलरूमचा कारागीर आणि गुणवत्ता निरीक्षक तिघेही अडकतात, हे तास सांगत नाहीत, आणि तेथे तीव्रता चालकाकडे वळावे लागते. दुसरी जागा अधिक अडचणीची आहे. रंगकामाच्या लाइनवर पांढऱ्यानंतर काळा रंग घेतला तर सफाई झटपट आटोपते, काळ्यानंतर पांढरा घेतला तर गन, नळ्या आणि बूथ कसून धुवावे लागतात. येथे लागलेला वेळ पांढऱ्या भागाच्या नावे लिहिणे म्हणजे त्या दिवशी त्याच्याआधी काय लागले होते याचे बिल त्याला देणे होय; त्याच भागाची किंमत दर आठवड्याला बदलताना दिसू लागली, की ही गफलत झाल्याचे ओळखावे. अशा क्रियेत उत्पादनावर नेहमीच्या क्रमातील प्रमाणित वेळ टाकून त्यावरचा जादा वेळ उत्पादन नियोजनाच्या खात्यात वेगळा दाखवणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण तो वेळ कमी करणे नियोजन करणाऱ्याच्याच हाती असते.